आकाशनिरीक्षण क्लबच्या नवनिर्वाचित अध्यक्षांचे आभाराचे भाषण

सन्माननीय मावळते अध्यक्ष, कार्यकारिणीतले सहकारी आणि सभासद मित्रहो, नमस्कार.

आपण माझ्यावर विश्वास टाकलात, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी दुसऱ्या उमेदवाराला मत दिलं, त्यांच्या सूचना मला आधी ऐकायच्या आहेत. मावळत्या कार्यकारिणीने हिशेब चोख ठेवून, एकही बिल न थकवता कारभार सोपवला. असा वारसा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

या वर्षासाठी एकच गोष्ट मनात आहे: प्रत्येक सभासदाला दुर्बीण स्वतःच्या हाताने लावता आली पाहिजे. आज चार-पाच जाणकार ती लावतात आणि बाकीचे रांगेत थांबून अर्धा मिनिट डोळा लावतात. नवे सभासद दोनदा येऊन मग यायचं बंद करतात ते यामुळेच, असं मला वाटतं.

आपली आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण बहुतेक वेळ झाकून ठेवलेली असते. ती बिघडलेली नाही. गाडीतून नेताना आरसे किंचित हलतात, मग गुरूचे पट्टे पुसट दिसतात आणि बोल दुर्बिणीला लागतो. कॉलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत आणणं, शिकायला एक संध्याकाळ पुरते. आधी दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवून लेझरचा ठिपका मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर आणायचा. मग मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवून परत येणारा किरण लेझरच्या केंद्रात बसवायचा. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नये, ठिपका हातचा जातो. त्यानंतर दुर्बीण निदान अर्धा तास बाहेर ठेवायची. आरसा गरम असला, तर ग्रह उकळत्या पाण्यातून पाहावा तसा थरथरतो.

हे वर्ग पुढच्या महिन्यापासून, सहा-सहा जणांच्या गटात. ज्यांनी वर्ग केला त्यांना दुर्बीण सात दिवस घरी नेता येईल. नेताना आणि आणताना आयपीस आणि झाकणं मोजून नोंदवहीत सही करायची. दवाने ओली झालेली भिंगं पेटीत तशीच बंद करू नका, बुरशी धरते. आधी वाळू द्या, मग सिलिका जेलसह ठेवा.

निरीक्षण दर महिन्याला अमावास्येजवळच्या शनिवारी होईल. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडाने ती मोडते, म्हणून मैदानात फक्त लाल दिवा. याबाबत मी थोडा कडक राहणार आहे, आधीच क्षमा मागतो. मार्चअखेरच्या अमावास्येला मेसिए मॅरेथॉन करू, म्हणजे मेसिएच्या यादीतले तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एका रात्रीत शोधू. यादीतल्या ११० पैकी किती सापडतात यापेक्षा किती जणांनी स्वतः शोधले, हे आपण नोंदवू.

जमाखर्च दर तिमाहीला सूचनाफलकावर लागेल. वर्ग घ्यायला चार अनुभवी सभासद हवे आहेत. मला सगळं येत नाही, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही. सभा संपल्यावर सचिवांकडे नावं द्यावीत, ही विनंती. धन्यवाद.