आडव्या छेदावरून ओळख: एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री मूळ, खोड, पान
(अकरावी जीवशास्त्र, प्रात्यक्षिकासाठी नोट्स)

स्लाइड समोर आली की बहुतेक मुले थेट 'मोनोकॉट की डायकॉट?' हा प्रश्न सोडवायला बसतात आणि तिथेच चुकतात. आधी अवयव ठरवा, मग गट. मक्याच्या मुळात मधोमध मोठा पिथ असतो आणि सूर्यफुलाच्या खोडातही असतो. नुसता पिथ बघून उत्तर लिहिणाऱ्याचे दोन्हीकडचे गुण जातात.

अवयव कसा ठरवायचा

पान ओळखणे सोपे: वर-खाली दोन एपिडर्मिस, मध्ये हरितलवकांनी भरलेला मेसोफिल. गोल छेद दिसला तर मूळ की खोड, हे झायलमवरून ठरवा. मुळात झायलम आणि फ्लोएम वेगवेगळ्या त्रिज्यांवर, एकाआड एक असतात. ही अरीय रचना. खोडात दोन्ही एकाच त्रिज्येवर, एकाच बंडलमध्ये असतात: फ्लोएम बाहेर, झायलम आत.

दुसरी खूण प्रोटोझायलमची, आणि ती जास्त भरवशाची. सर्वांत अरुंद वाहिन्या म्हणजे प्रोटोझायलम. त्या परिघाकडे असतील तर एक्झार्क, म्हणजे मूळ. केंद्राकडे असतील तर एंडार्क, म्हणजे खोड. ही खूण दोन्ही गटांत सारखीच लागू पडते. केसांवरूनही अंदाज येतो: मूलरोम एकपेशीय आणि क्यूटिकल नसलेले असतात, तर सूर्यफुलाच्या खोडावरचे केस बहुपेशीय असतात. पण मूलरोम फक्त टोकाजवळच्या पट्ट्यात सापडतात. जुन्या भागाच्या छेदात ते दिसले नाहीत म्हणून 'मूळ नाही' असे ठरवू नका.

मूळ: हरभरा आणि मका

बाहेरून आत क्रम दोघांचा एकच: एपिडर्मिस, पॅरेन्कायमाचा रुंद कॉर्टेक्स, एकथरी एंडोडर्मिस, पेरिसायकल, मग वाहक ऊती. फरक मध्यभागी आहे. हरभऱ्यात झायलमचे गट तीन-चार, सर्वसाधारण द्विबीजपत्री मुळात दोन ते सहा. मक्यात सहापेक्षा बरेच जास्त, म्हणजे पॉलिआर्क. हरभऱ्यात मेटाझायलमच्या वाहिन्या बहुकोनी असतात आणि पिथ अगदी लहान किंवा नसतोच. मक्यात वाहिन्या मोठ्या, गोलसर, पिथ ठळक.

एंडोडर्मिसवर थांबून बघा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. तिच्या अरीय आणि आडव्या भित्तिकांवर सुबेरिनयुक्त कॅस्पेरियन पट्टी असते. त्यामुळे पाणी भित्तिकांमधून परस्पर आत जाऊ शकत नाही, त्याला पेशीच्या पटलातून जावे लागते आणि कोणते क्षार आत घ्यायचे यावर ताबा राहतो. मक्याच्या जुन्या मुळात या पेशींच्या आतल्या आणि बाजूच्या भित्तिका आणखी जाड होतात. प्रोटोझायलमसमोरच्या काही पेशी मात्र पातळ राहतात. त्या पॅसेज सेल.

पेरिसायकलमधून बाजूची मुळे दोन्हीकडे फुटतात. द्विबीजपत्री मुळात ती शिवाय कॅम्बियमचा काही भाग आणि कॉर्क कॅम्बियमही बनवते, म्हणून मूळ जाड होऊ शकते. मक्यात ही द्वितीयक वाढ होत नाही. 'एकबीजपत्रीत पेरिसायकल नसते' असे लिहू नका. असते, काम कमी असते.

अपवादही लक्षात असू द्या: वडाची पारंबी द्विबीजपत्री असूनही पॉलिआर्क असते. फक्त गट मोजून उत्तर देऊ नका.

खोड: सूर्यफूल आणि मका

| भाग | सूर्यफूल | मका |
|---|---|---|
| हायपोडर्मिस | कॉलेन्कायमा | स्क्लेरेन्कायमा |
| आतली मूलभूत ऊती | कॉर्टेक्स, एंडोडर्मिस, पेरिसायकल, पिथ अशी विभागलेली | एकसंध, विभागणी नाही |
| बंडलची मांडणी | एका वलयात | विखुरलेली; कडेला लहान व दाट, आत मोठी व विरळ |
| कॅम्बियम | आहे, बंडल खुले | नाही, बंडल बंद |
| बंडलभोवती | फ्लोएमच्या बाहेर स्क्लेरेन्कायमाची टोपी | पूर्ण बंडलभोवती स्क्लेरेन्कायमाचे आवरण |

सूर्यफुलाच्या एंडोडर्मिसमध्ये स्टार्चचे कण असतात, म्हणून तिला स्टार्च शीथ म्हणतात. ती बघायची असेल तर एक छेद सॅफ्रानिनऐवजी पातळ आयोडीनमध्ये ठेवा. तो थर निळा-काळा उठून दिसतो.

मक्याचे बंडल हाय पॉवरवर काढा. दोन मोठे मेटाझायलम बाजूला, एक-दोन प्रोटोझायलम खाली, मिळून वाय आकार. त्याच्या आतल्या बाजूला पोकळी असते. ती छेद फाटल्यामुळे झालेली नाही. खोड लांबताना प्रोटोझायलम आणि शेजारच्या पेशी तुटून ती तयार होते. आकृतीत ती काढून नाव द्या. फ्लोएममध्ये चाळणीनलिका आणि सहपेशी दाखवा, फ्लोएम पॅरेन्कायमा दाखवू नका, तो मक्यात नसतो.

पान

द्विबीजपत्री नमुना म्हणून सूर्यफूल घ्या. वरच्या एपिडर्मिसखाली उभ्या, दाटीने बसलेल्या पॅलिसेड पेशी; त्यांच्याखाली मोकळ्या पोकळ्या असलेला स्पंजी पॅरेन्कायमा. रंध्रे खालच्या बाजूला जास्त. मक्यात मेसोफिलची अशी विभागणी नाही, रंध्रे दोन्ही बाजूंना. बंडलभोवती मोठ्या, हरितलवकयुक्त पेशींचे कडे असते; ही सी-4 वनस्पतींची क्रान्झ रचना. वरच्या एपिडर्मिसमध्ये फुग्यासारख्या बुलिफॉर्म पेशी असतात. पाणी कमी पडले की त्या सैल पडतात आणि पान गुंडाळते. या पेशी गवतकुळाची खूण आहेत, प्रत्येक एकबीजपत्री पानात शोधू नका.

जाळीदार शिरांमुळे सूर्यफुलाच्या छेदात काही शिरा आडव्या, काही तिरक्या, काही लांबीने कापल्या जातात. मक्याच्या समांतर शिरा मात्र सगळ्या नीट आडव्या दिसतात. दोन्ही पानांत झायलम वरच्या बाजूला, फ्लोएम खाली. पान उलटे ठेवून आकृती काढली असेल तर ते इथे पकडता येते.

छेद घेताना

पान किंवा बारीक मूळ गाजराच्या चिरेत धरा. ब्लेड आणि नमुना दोन्ही ओले ठेवा, ब्लेड एका झटक्यात स्वतःकडे ओढा, करवतीसारखे पुढे-मागे करू नका. वीसेक छेद पाण्याच्या वॉच ग्लासात घ्या आणि ब्रशने सर्वांत पातळ निवडा. पूर्ण वर्तुळ मिळाले नाही तरी चालेल. परिघापासून केंद्रापर्यंतची पातळ फोड जाड वर्तुळापेक्षा बरी. 1% सॅफ्रानिनमध्ये दोन-तीन मिनिटे ठेवा, पाण्यात धुवा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप तिरकी टेकवून सुईने हळू खाली सोडा.

सगळाच छेद लाल झाला तर रंग जास्त झाला: आम्ल घातलेल्या पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा धुवा, फक्त लिग्निनयुक्त भाग लाल राहायला हवेत. वाहिन्या लांबट दिसल्या तर छेद तिरका गेला. काळ्या कडांची गोल वर्तुळे म्हणजे हवेचे बुडबुडे. त्यांना मेटाझायलम म्हणून नाव देणारे दरवर्षी निघतात. मुळाच्या अगदी टोकाचा छेद घेतला तर झायलम तयारच झालेले नसते, दोन सेंटिमीटर मागे या.

फसवणारे नमुने

भोपळ्याच्या वेलात बंडल दोन वलयांत असतात आणि मध्ये पोकळी असते, तरी तो द्विबीजपत्री. प्रत्येक बंडलमध्ये झायलमच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे फ्लोएम व कॅम्बियम दिसेल. गव्हाचे खोडही पोकळ आणि बंडल साधारण दोन वलयांत. पण बंडल बंद आणि हायपोडर्मिस स्क्लेरेन्कायमाची, म्हणून एकबीजपत्री. पोकळी बघून काही ठरवू नका, कॅम्बियम शोधा.