श्री गणेश स्टेशनरी आता कर्वेनगरमध्येही!

अप्पा बळवंत चौकातलं आमचं दुकान आजोबांनी सुरू केलं. कर्वेनगरहून एका वहीसाठी तिथवर येणाऱ्या पालकांची दगदग आम्ही रोज बघतो, म्हणून ही दुसरी शाखा.

सोमवार, ८ जूनला सकाळी १० वाजता आईच्या हस्ते शुभारंभ. तीर्थप्रसादाला सहकुटुंब या!

१४ जूनपर्यंत डझनभर वह्यांवर २० टक्के सूट, कंपास व रंगपेट्यांवर १० टक्के. ५०० रुपयांच्या खरेदीवर खाकी कव्हरचा रोल आणि नावाची लेबलं मोफत. शाळेची यादी आणा, सगळं सामान काढून देऊ.

वेळ: सकाळी ९ ते दुपारी १.३०, संध्याकाळी ४ ते ९. रविवारी फक्त सकाळी. पण १४ जूनला दिवसभर उघडं. जुनं दुकान नेहमीप्रमाणे सुरूच राहील.