स्मृतीचं मल्टी-स्टोअर मॉडेल अन् त्यावरची टीका: पेपरच्या आधी वाचायच्या नोट्स

बीए सेकंड इयरच्या आपल्या गावातल्या पोरीपोरांसाठी लिहून ठेवतो आहे, उद्या सकाळच्या पहिल्या एसटीत वाचून होईल एवढंच ठेवलं. मॉडेलचं वर्णन सगळ्यांनाच येते, मार्क जातात ते टीकेत, म्हणून वर्णन भरभर अन् टीका सावकाश वाचजा.

मॉडेल कोणाचं, काय म्हणते

रिचर्ड अ‍ॅटकिन्सन अन् रिचर्ड शिफ्रिन, 1968. स्मृती म्हणजे एकच पेटी नाही, तीन वेगवेगळी भांडारं आहेत अन् माहिती एका ठरलेल्या वाटेनं एकातून दुसऱ्यात जाते. वाट अशी:

बाहेरचं जग → संवेदी स्मृती → (लक्ष दिलं तं) अल्पकालीन स्मृती → (उजळणी केली तं) दीर्घकालीन स्मृती → आठवताना परत अल्पकालीनमध्ये

पुढे अल्पकालीनला एसटीएम अन् दीर्घकालीनला एलटीएम लिहितो, पेपरात पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिजा मग शॉर्टकट. डायग्राम काढाच, अन् बाणांवर "लक्ष" अन् "उजळणी" हे शब्द लिहायचे विसरू नका, नुसते तीन डब्बे काढून काही सांगितल्यासारखं होत नाही.

प्रत्येक भांडाराचे तीन गुण विचारतात: किती मावते, किती वेळ टिकते, कोणत्या रूपात साठते.

संवेदी स्मृती

मावते खूप, टिकते अगदीच कमी. डोळ्याची (आयकॉनिक) सेकंदाच्या आत जाते, कानाची (एकोइक) दोनचार सेकंद राहते. रूप जसं आलं तसंच.

पुरावा स्पर्लिंग, 1960. हा प्रयोग नीट समजून घ्या, कारण लय हुशारीनं केला आहे. पडद्यावर 12 अक्षरं, तीन ओळी, प्रत्येकीत चार, दिसतात फक्त 50 मिलिसेकंद. सगळी सांगा म्हटलं तं लोक चार-साडेचारच सांगतात अन् म्हणतात "दिसली होती सगळी, पण सांगेपर्यंत गेली". आता हे खरं आहे का ते कसं तपासायचं? स्पर्लिंगनं अक्षरं गेल्यानंतर एक आवाज वाजवला, उंच आवाज म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची, अन् तेवढीच ओळ सांगायची. लोक चारपैकी साधारण तीन सांगू लागले. कोणती ओळ विचारणार हे आधी माहीत नव्हतं, म्हणजे त्या क्षणी तिन्ही ओळींतली मिळून साधारण नऊ अक्षरं डोक्यात होती. आवाज जितका उशिरा वाजवला तितका हा फायदा घटत गेला अन् एका सेकंदात जवळपास संपला.

एसटीएम

मावते 7 ± 2, मिलर 1956. वेगवेगळे आकडे नाही, गठ्ठे मोजायचे, मोबाइल नंबर आपण दहा आकडे म्हणून लक्षात ठेवत नाही, दोन-तीन तुकड्यांत ठेवतो. (कोवान, 2001: खरा आकडा चारच्या आसपास. हे एक वाक्य टाकलं तं उत्तर वजनदार होते.)

टिकते उजळणी नसली तं साधारण 18 ते 30 सेकंद. पीटरसन अन् पीटरसन, 1959: टीएचएक्स सारखी निरर्थक तीन अक्षरं द्यायची, अन् लगेच एका आकड्यापासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायला लावायचं म्हणजे मनातल्या मनात घोकता येत नाही. 3 सेकंदांनी बऱ्यापैकी आठवते, 18 सेकंदांनी 10 टक्क्यांच्याही खाली. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तं कापसाच्या काट्यावर वजन वाचलं, पावतीवर लिहायच्या आत कोणी विचारलं "गाडी कोणाची, किती पोते?" अन् उत्तर देऊन वळलं तं आकडा गायब, परत काट्याकडे पाहावं लागते.

रूप मुख्यतः आवाजाचं. बॅडली, 1966. लगेच आठवायला लावलं तं सारख्या आवाजाचे शब्द (आपल्याकडे माळ, माड, मान, माप असे समजा) गोंधळतात, वीस मिनिटांनी विचारलं तं सारख्या अर्थाचे शब्द (मोठा, विशाल, प्रचंड) गोंधळतात. म्हणून एसटीएम आवाजावर, एलटीएम अर्थावर.

एलटीएम

मर्यादा सापडलेली नाही, आयुष्यभर टिकू शकते, रूप अर्थाचं. बाहरिक अन् सहकारी, 1975: शाळेतल्या वर्गमित्रांचे फोटो-नावं ओळखायला लावली, वयं 17 ते 74, अन् शाळा सुटून पंधरा वर्षं झाली तरी ओळख 90 टक्क्यांच्या आसपास. लक्षात ठेवजा, ओळखणं सोपं, काही न दाखवता नावं आठवणं कठीण, त्यात आकडे बरेच खाली होते.

मॉडेलच्या बाजूनं

ग्लान्झर अन् कुनिट्झ, 1966. पंधरा शब्दांची यादी ऐकवली की सुरुवातीचे अन् शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले जातात. यादी संपल्यावर 30 सेकंद आकडे मोजायला लावले तं शेवटच्या शब्दांचा फायदा गायब झाला पण सुरुवातीचा तसाच राहिला. अर्थ: सुरुवातीचे घोकून एलटीएममध्ये गेले होते, शेवटचे अजून एसटीएममध्येच होते. एकच गोष्ट एका टोकावर परिणाम करते अन् दुसऱ्यावर नाही, म्हणून भांडारं दोन.

दुसरा पुरावा एच. एम. नावाचा पेशंट, खरं नाव हेन्री मोलेसन. मिरगीसाठी 1953 मध्ये ऑपरेशन, मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. नंतर नवीन काही कायमचं लक्षात राहत नव्हतं, पण आकडे लगेच परत म्हणून दाखवणं जवळपास नॉर्मल. एसटीएम शाबूत, नवीन एलटीएम बंद.

टीका (इथं थांबून वाचा)

माझ्या मते बहुतेक टीका दोनच गोष्टींभोवती फिरते, हे डोक्यात ठेवलं तं नावं आपोआप जागेवर बसतात. भांडारं वेगळी आहेत हे कोणी फारसं नाकारत नाही. नाकारतात ते "प्रत्येक भांडार आतून एकसंध आहे" हे, अन् "घोकलं की पक्कं होते" हे.

*एसटीएम एकसंध नाही.* के. एफ. नावाचा पेशंट, अभ्यास शॅलिस अन् वॉरिंग्टन, 1970, मोटरसायकल अपघातात मेंदूला मार. ऐकलेले आकडे एक-दोनच परत म्हणता यायचे, पण तेच डोळ्यानं वाचायला दिले तं पुष्कळ बरं. म्हणजे एसटीएमचा आवाजाचा भाग बिघडला, दृश्य भाग बराच ठीक. अन् याहून मोठा झटका असा की के. एफ.ची एलटीएम चांगली होती, नवीन गोष्टी शिकता येत होत्या. मॉडेलप्रमाणे एलटीएमची वाट एसटीएममधूनच जाते, मग दारच मोडलेलं असताना माल आत गेला कसा? याचं सरळ उत्तर मॉडेलजवळ नाही. इथून बॅडली अन् हिच, 1974 यांचं वर्किंग मेमरी मॉडेल जोडा: आवाजाचा फेरा, दृश्य-अवकाशाची पाटी अन् वर लक्ष वाटून देणारा कार्यकारी.

*एलटीएमही एकसंध नाही.* परत एच. एम.च. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली, हात अन् कागद थेट दिसत नाही फक्त आरशात दिसते. तीन दिवस सराव, दर दिवशी चुका कमी होत गेल्या, अन् दर दिवशी त्याला हे आपण आधी केल्याचं आठवतच नव्हतं. कौशल्य शिकला पण प्रसंग राहिला नाही. म्हणजे मॉडेलच्या बाजूनं ज्याला उभा केला तोच पेशंट मॉडेलच्या विरोधातही जातो, हे लिहिलं तं वाचणाऱ्याला कळते की तुम्ही समजून लिहिता आहात. सोबत टुल्विंग, 1972: प्रसंगांची स्मृती वेगळी, ज्ञानाची वेगळी.

*घोकणं पुरत नाही.* क्रेक अन् वॉटकिन्स, 1973. शब्द ऐकत राहायचे अन् ठराविक अक्षरानं सुरू होणारा शेवटचा शब्द तेवढा धरून ठेवायचा, त्यामुळे काही शब्द जास्त वेळ मनात राहायचे, काही कमी. नंतर अचानक सगळे शब्द विचारले तं जास्त वेळ धरलेल्यांचा काहीच फायदा दिसला नाही. नुसतं धरून ठेवणारी उजळणी वेगळी अन् अर्थ जोडणारी उजळणी वेगळी, मॉडेल किती वेळ घोकलं यावर जोर देते, क्रेक अन् लॉकहार्ट, 1972 प्रक्रिया किती खोल झाली यावर देतात. बेकेरियन अन् बॅडली, 1980 पण टाका: बीबीसी रेडिओच्या बदललेल्या वेव्हलेंथची जाहिरात लोकांनी असंख्य वेळा ऐकली तरी बहुतेकांना आकडे सांगता आले नाहीत.

*न घोकता पण राहते.* मॉरिस अन् सहकारी, 1981: फुटबॉलचे नवे स्कोर एकदाच ऐकवले, ज्याला खेळाची जास्त माहिती त्याला जास्त आठवले. आपल्या गावात पण पाहा, पारावर बसलेला माणूस सोयाबीनचा भाव एकदा ऐकतो अन् आठ दिवसांनी आकड्यासकट सांगतो, कारण मागच्या हंगामाचा भाव त्याच्या डोक्यात आधीच बसलेला असते.

*माहिती एकाच दिशेनं जात नाही.* हा मुद्दा फार कमी जण लिहितात अन् मला सगळ्यात आवडणारा हाच आहे. एरिक्सन, चेस अन् फलून, 1980. एस. एफ. नावाचा विद्यार्थी, सुरुवातीला सात आकडे, दीड वर्षाहून जास्त सरावानंतर 79. तो धावपटू होता, 3492 ऐकलं की "3 मिनिटं 49.2 सेकंद, मैलाची जवळपास विश्वविक्रमी वेळ" असं धरायचा. पण अक्षरं दिली की परत सहावर! म्हणजे एसटीएम मोठी झाली नाही, एलटीएममधलं ज्ञान पहिल्या क्षणापासून कामाला लागलं. चित्रात एलटीएम सगळ्यात शेवटी बसली आहे, खरं पाहता ती सुरुवातीलाच हजर असते.

*प्रयोग कृत्रिम.* टीएचएक्स कोण लक्षात ठेवते. खरी टीका आहे पण एका ओळीत संपवा, यावर पान भरू नका. के. एफ., एच. एम. हे एकेकटे अन् मेंदूला इजा झालेले पेशंट आहेत हेही त्याच ओळीत.

*शेवटच्या शब्दांचा पुरावाही डळमळीत.* बॅडली अन् हिच, 1977: रग्बी खेळाडूंना हंगामात कोणाकोणाविरुद्ध खेळले ते विचारलं, अलीकडचे संघ जास्त आठवले. आठवड्यांपूर्वीचा सामना काही एसटीएममध्ये बसलेला नसते, मग अलीकडचं जास्त आठवणं म्हणजे एसटीएम, असं सरळ म्हणता येत नाही.

मॉडेलवर अन्याय करू नका

बरीच पुस्तकं लिहितात की अ‍ॅटकिन्सन-शिफ्रिनसाठी स्मृती म्हणजे निष्क्रिय डब्बे. मूळ 1968 च्या लेखात अर्धा भार नियंत्रण प्रक्रियांवर आहे, म्हणजे माणूस स्वतः काय घोकायचं, कसं जोडायचं, कसं शोधायचं ठरवतो, अन् एसटीएमला ते तिथंच वर्किंग मेमरी म्हणतात. म्हणून "मॉडेल सगळं चूक आहे" असं लिहू नका. "पाठ्यपुस्तकात उतरलेलं रूप फार साधं आहे" असं लिहिजा.

वही बंद करून तोंडी सांगा

1. स्पर्लिंगनं आवाज अक्षरं दिसण्याच्या आधी वाजवला असता तं निष्कर्ष काहून बिघडला असता?
2. एच. एम. दोन्ही बाजूंना कसा वापरायचा, प्रत्येकी दोन वाक्यांत.
3. के. एफ.च्या केसमध्ये मॉडेलला जास्त धक्का कशानं बसते, ऐकलेल्या-वाचलेल्या आकड्यांच्या फरकानं की चांगल्या एलटीएमनं? कारण द्या.