पनीर बटर मसाल्याच्या त्या नोंदीबद्दल

स्नेहल, तुझा मेसेज सकाळी लोकलमध्ये वाचला. "दिवसाचं खाणं दीड हजार कॅलरीत बसवतेय तरी वजनाचा काटा हलत नाही, माझ्याच शरीरात काहीतरी बिघाड आहे" हे वाचून फार वाईट वाटलं, म्हणून घरी आल्यावर निवांत लिहितेय. बिघाड तुझ्यात आहे असं धरून चालू नकोस. आधी तू पाठवलेला तुझ्या कॅलरी मोजायच्या ॲपचा तो स्क्रीनशॉट नीट बघू.

"होममेड पनीर बटर मसाला, 1 वाटी, 140 कॅलरी. प्रोटीन 12, कार्ब 9, फॅट 14." आता हिशोब कर. प्रोटीन आणि कार्बच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, फॅटच्या एका ग्रॅमला 9. म्हणजे 48 अधिक 36 अधिक 126, झाले 210. नोंदीतले आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत! कुणीतरी आपल्या अंदाजाने भरलेली नोंद आहे ही, कुणी तपासलेली नाही. आणि ती शोधात सगळ्यात वर येते, म्हणून आपण डोळे झाकून तीच निवडतो.

दुसरं म्हणजे 'होममेड' या शब्दावर जाऊ नकोस. घरचं म्हणजे हलकं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की तो शब्द दिसला की आपण आकडा तपासतच नाही. पण घरचं म्हणजे कुणाच्या घरचं? तुझ्या सासूबाई पनीर आधी बटरवर परततात, माझी आई नुसतं गरम पाण्यात घालून ठेवते. कुणी मगज घालतं, कुणी काजू, कुणी दोन्ही. शिवाय भाजी घरची की पनीरही घरी फाडलेल्या दुधाचं, हेसुद्धा त्या नावावरून कळत नाही.

रविवारी मी आमच्याकडे केलं तेव्हा सगळं काट्यावर ठेवून केलं. पनीर 200 ग्रॅम, पाकिटावर 100 ग्रॅमला 300 कॅलरी लिहिलेल्या, म्हणजे 600. बटर दोन मोठे चमचे, 200. तेल एक मोठा चमचा, 120. पंधरा काजू, 140. क्रीम 50 मिली, 120. दोन कांदे, चार टोमॅटो आणि चमचाभर साखर मिळून जेमतेम दीडशे. एकूण 1330 च्या आसपास. टोमॅटो-कांद्याने कढई भरते, पण कॅलरी मात्र पनीर, बटर, तेल, काजू आणि क्रीम यांच्यातच आहेत. त्यातलं बटर नि क्रीम आपण कधी मोजून घालत नाही. शेवटी वरून एक तुकडा सोडतो तो तर गणतीतच धरत नाही.

रिकामी कढई आधीच तोलून ठेवली होती, 1120 ग्रॅम. भाजीसकट भरली 1970. म्हणजे भाजी 850 ग्रॅम, आणि 100 ग्रॅमला साधारण 156 कॅलरी.

आता वाटी. ॲपमध्ये वाटीचं वजनच दिलेलं नाही. तुमच्याकडच्या त्या खोलगट स्टीलच्या वाट्या आहेत ना, तशीच एक माझ्याकडे आहे, तिच्यात 200 ग्रॅम भाजी बसली. म्हणजे 310 कॅलरी, फॅट 25 ग्रॅमच्या घरात, प्रोटीन 11. बघ, प्रोटीन ॲपच्या आकड्याजवळ आलं, फॅट मात्र तिथे जवळजवळ निम्मंच धरलंय. आणि तू वाढून घेताना पनीरचे तुकडे वेचून घेतेस, रस्सा मुलांना देतेस. मग तुझ्या वाटीत कॅलरी याहूनही जास्त असणार.

एका वाटीमागे पावणेदोनशे कॅलरी नोंदीबाहेर राहिल्या, आणि तू त्या भरून काढायला रात्रीची ज्वारीची भाकरी सोडलीस! ते मला खरंच पटत नाही. भाकरी परत सुरू कर, पोट भरलेलं राहील. आणि पनीरही बंद करू नकोस, घरात सगळे आवडीने खातात ते.

ॲपमध्ये स्वतःची रेसिपी भरायची सोय आहे. कच्चं सामान ग्रॅममध्ये टाकायचं, शिजल्यावरचं एकूण वजन टाकायचं, मग जेवढे ग्रॅम घेशील तेवढ्याच कॅलरी मोजल्या जातात. डाळ माखनी, छोले, मलई कोफ्ता यांच्या तयार नोंदीही अशाच असतील, त्याही तपासून घे.

पुढच्या वेळी सासूबाई करतील तेव्हा बटरचं पाकीट आधी आणि नंतर तोल, तेलाची बरणीही. आकडे मला पाठव, शनिवारी फोनवर आपण दोघी मिळून भरू. कढई रिकामी असतानाच तोलायला विसरू नकोस.