दहावी गणित बॅच: वर्गाची जागा बदलली आहे, बुडालेले तास असे भरून काढू

सर्व पालकांना नमस्कार,

काल, सोमवारी 3 ऑगस्टला, तास रद्द झाल्याचा माझा मेसेज तुम्हाला साडेपाचला मिळाला. तोवर तीन मुलं घरून निघाली होती, आणि त्यातली एक पंचवटीतून. हे चुकलंच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचं दुपारीच कळलं होतं. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की दहीपुलाजवळच्या आमच्या गल्लीत काय होतं हे मला माहीत असायला हवं होतं, पण "बघू, उतरेल" म्हणत मी थांबले. त्या तिघांच्या घरच्यांची मनापासून माफी मागते.

वर्गखोलीत घोट्याएवढं पाणी शिरलं होतं. आज चिखल काढला, पण दोन बाकांच्या फळ्या फुगल्यात आणि खालचे प्लग पॉइंट ओले आहेत. वायरमनने सगळं तपासून "चालेल" म्हटल्याशिवाय मुलांना तिथे बसवणार नाही. त्यामुळे उद्या बुधवारी 5 तारखेला तास होणार नाही.

शुक्रवार 7 ऑगस्टपासून शुक्रवार 21 ऑगस्टपर्यंत वर्ग कॅनडा कॉर्नरजवळ माझ्या मावसबहिणीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरेल. वार आणि वेळ नेहमीचीच: सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी 6 ते 7:30. लोकेशन या मेसेजच्या खाली पाठवते. सायकली आत पार्किंगमध्ये लावायच्या, गेटसमोर नाही. खाली राहणारे आजोबा शांत आहेत, पण त्यांची दुपारची झोप सहापर्यंत चालते, तेव्हा जिन्यात दंगा नको.

पंचवटीतल्या सात मुलांसाठी वेगळं सांगते. येताना-जाताना होळकर पुलावरूनच या, रामसेतूकडे वळू नका, आणि पुलावर पूर बघत थांबू नका. (मीही लहानपणी थांबायचे, म्हणूनच सांगते.) रविवार कारंजापासून सीबीएसपर्यंत शेअर रिक्षा आणि तिथून शरणपूर रोडने, असं सोपं पडेल. शक्यतो दोघा-तिघांनी मिळून यावं. ज्या दिवशी पाणी पुन्हा चढेल, त्या दिवशी या सातजणांनी घरूनच गूगल मीटवर बसायचं, त्यांची गैरहजेरी लागणार नाही. आणि काही बदल असला तर यापुढे दुपारी 3 पर्यंत कळवीन. तीनपर्यंत मेसेज नाही आला, तर तास आहे असं समजा.

आता बुडालेले दोन तास. सोमवारचा तास, म्हणजे वर्गसमीकरणाची सूत्र पद्धत, रविवार 9 ऑगस्टला सकाळी 8:30 ते 10 नव्या जागी घेईन. हा भाग कोणी चुकवू नये, पुढची सगळी शाब्दिक उदाहरणं त्यावरच उभी आहेत. रविवारी ज्यांना खरंच जमणार नाही, त्यांच्यासाठी तोच तास गुरुवार 13 ऑगस्टला संध्याकाळी 6 वाजता पुन्हा घेते. फक्त कोण येणार ते शनिवारपर्यंत कळवा. बुधवारचा दीड तास वेगळा दिवस न काढता सोमवार 10, बुधवार 12 आणि शुक्रवार 14 या तीन दिवशी अर्धा-अर्धा तास वाढवून भरून काढू, म्हणजे त्या दिवशी वर्ग 8 वाजता सुटेल. पोटात काहीतरी घालून पाठवा, साडेसातनंतर मुलांना समीकरणात फक्त वडापाव दिसतो.

शुक्रवार 7 तारखेची 20 गुणांची चाचणी आता सोमवार 17 ऑगस्टला होईल. अभ्यासक्रम तोच.

तोवर घरी वही बंद राहू नये म्हणून एवढंच करून आणायचं: पूर्ण वर्ग पद्धतीने

x² + 8x − 9 = 0

सोडवा आणि उत्तरं मूळ समीकरणात घालून ताळा करा. मागच्या तासाला निम्म्या वर्गाने 16 डावीकडे मिळवले आणि उजवीकडे विसरले. तीच चूक पुन्हा बघायला मिळाली तर मी फळ्यावर नाव न घेता, पण अक्षर ओळखू येईल अशा बेताने लिहीन. ताळा जुळला की उत्तर बरोबर, मला विचारायची गरज नाही.

फीबद्दल दोघांनी विचारलं, म्हणून सगळ्यांनाच सांगते. दोन्ही तास भरून निघत असल्याने ऑगस्टची फी तीच राहील. पण ज्यांना रविवार आणि गुरुवार दोन्ही जमणार नाहीत, त्यांच्या एका तासाचे पैसे सप्टेंबरच्या फीमधून वजा करीन. संकोच न करता सांगा.

ज्यांची पुस्तकं-वह्या खोलीत राहिल्या होत्या: वरच्या फळीवरच्या सगळ्या कोरड्या आहेत, शुक्रवारी घेऊन येते. खालच्या कप्प्यातली एक कंपास पेटी आणि निळ्या कव्हरची भूमितीची वही भिजली. वही पंख्याखाली वाळत घातली आहे, आकृत्या बऱ्याचशा वाचल्या आहेत. कोणाची आहे ते कळवा.

मेसेज वाचल्यावर मुलाचं नाव लिहून "वाचलं" एवढं टाका. रात्री 9 पर्यंत ज्यांचं येणार नाही, त्यांना मी फोन करीन.

– मॅडम