साखर दुखत नाही, म्हणून ती मोजायची
(विडी घरकुल परिसरातील आरोग्य शिबिर: मधुमेहावरचं २० मिनिटांचं बोलणं, ६ स्लाइड)

वक्त्यासाठी: रविवारी सकाळी ७.३० ला सुरुवात. माणसं उपाशी आलेली असतात, म्हणून बोटाची तपासणी चालू असतानाच बोलायचं. तपासणी झालेल्यांना लगेच नाश्ता द्यायचा, भाषण संपेपर्यंत थांबवायचं नाही. समाजमंदिरात उजेड येतो आणि पडद्यावरचं पुसट दिसतं, त्यामुळे सहाही स्लाइड मोठ्या कागदावर छापून दोरीला लावा. आकडे आले की कार्यकर्तीने ते तेलुगूतही सांगायचे. सोबत साखरेची बरणी, चमचा, काचेचा ग्लास आणि जेवणाचं ताट हवं.

स्लाइड १. दुखत नाही, तरी असतो
(चित्र: पाण्याचा तांब्या, घड्याळ)

मावशी, काका, नमस्कार. दाढ दुखली की आपण दवाखान्यात जातो. साखर वाढली तर काही दुखत नाही, आणि याच एका गोष्टीमुळे हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. सारखी लघवी, सारखी तहान, वजन उतरणं, जखम लवकर न भरणं, लघवीच्या जागी खाज ही लक्षणं खरी आहेत. पण पुष्कळांना यातलं एकही जाणवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, असा अंदाज आहे. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी साखर मोजायची. आई-वडिलांना असेल, किंवा कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर अजिबात टाळायचं नाही. बाळंतपणात साखर वाढलेल्या ताईंनीही तपासत राहायचं.

स्लाइड २. उपाशीपोटीचे तीन आकडे
(हिरवा: १०० च्या आत. पिवळा: १०० ते १२५. लाल: १२६ आणि पुढे)

उपाशी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. सकाळी "अर्धा कप चहाच घेतला" असेल तर तसं टेबलावर सांगा, लपवू नका. आकड्याचा अर्थ बदलतो. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ किंवा केळं लागलेलं असेल तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं.

आज लाल आकडा आला म्हणजे मधुमेहाचा शिक्का बसला असं नाही. हे यंत्र फक्त चाळणी लावतं. निदान शिरेतल्या रक्तावर, प्रयोगशाळेत होतं, आणि लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून पक्कं करतात. सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी होते. ती ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह. पिवळ्या आकड्याची माणसं आमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची, कारण वजन थोडं उतरवून आणि चालून यांचा मधुमेह लांबवता येतो, कित्येकदा टाळताही येतो. आकडा ३०० च्या पुढे असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. त्यासोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठा.

स्लाइड ३. ताटाचे चार भाग
(रिकामं ताट हातात धरायचं)

अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. पाव ताटात भाकरी किंवा भात. उरलेल्या पावात डाळ, उसळ, अंडं किंवा मासे. ज्वारीची भाकरी चांगली, पण "भाकरीने साखर वाढत नाही" हे चूक आहे. ज्वारीतही पिष्टच असतं, त्यामुळे चार भाकऱ्यांनी साखर चढणारच. दोन्ही वेळा भात असणाऱ्या घरांनी एका वेळी तो अर्धा करून डाळ वाढवावी. कडक भाकरी कुस्करून ताटभर होते, तेव्हा खाण्याआधी मोजून घ्या. शेंगाचटणी दोन चमचे चालेल. वाटीभर खाल्ली तर तेल आणि वजन वाढतं.

(बरणी उघडून ग्लासात दहा चमचे साखर टाकायची. टाकताना बोलायचं नाही.)

पाच कप चहा, कपाला दोन चमचे. एका दिवसाची एवढी साखर: चाळीस ते पन्नास ग्रॅम. गूळ घातला तरी हिशोब तोच.

स्लाइड ४. बसून काम, तरी हालचाल

सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या ताईंनी अर्ध्या तासाने उठायचं, तीन मिनिटं चालायचं. शिवाय आठवड्यात पाच दिवस, रोज ३० मिनिटं झपाझप चाला: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी. विडी, तंबाखू, मिश्री सोडा. साखरेसोबत तंबाखू असली की पायाच्या रक्तवाहिन्या लवकर बंद पडतात.

स्लाइड ५. गोळी चालू, जेवण वेळेवर

"साखर नॉर्मल आली, गोळी बंद केली" हे आम्ही सतत ऐकतो. ती गोळीमुळे नॉर्मल आली होती. कारल्याच्या रसावर गोळी सोडू नका.

उलटा धोकाही आहे. यंत्रमागावर पाळी लांबली, गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, की घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. साखर ७० च्या खाली गेलेली असते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेच, मग जेवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा, १०८ लावा.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा ओल्या मातीच्या माठात, सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या घरात उघड्यावर ठेवलेलं इन्सुलिन खराब होतं.

स्लाइड ६. रोज रात्री तळपाय बघा
(इथे घाई करायची नाही)

साखर जास्त राहिली की पायाच्या नसांची जाणीव जाते. एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी माणसाचा तळपाय डांबरावर भाजतो आणि त्याला कळतही नाही. संध्याकाळी फोड दिसतो, आठवड्यात त्याची जखम होते. म्हणून अनवाणी कुठेच नाही. देवळात जायचं तर पहाटे, फरशी थंड असताना. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवा, खडा असतो. पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी आधी कोपराने बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. कुरूप ब्लेडने कापू नका. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा नातवंडांना बघायला सांगा.

घरी तपासायची सोपी पद्धत: डोळे मिटून बसायचं. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी बोटाने एक-दोन सेकंद नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं तपासायची, रक्तदाब प्रत्येक भेटीला. तुमच्या आशाताईंकडे नाव नोंदवा. सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाबाची तपासणी मोफत होते.

घरी न्यायच्या चिठ्ठीवर चार ओळी आहेत: आजचा माझा आकडा. पुढची तपासणी कोणत्या तारखेला. अर्धं ताट भाजी. रात्री तळपाय. पहिल्या दोन ओळी टेबलावर भरून घेतल्याशिवाय चिठ्ठी खिशात घालू नका.

आता आठ-आठ जणांनी पुढे या. चप्पल काढा, डोळे मिटा. एकमेकांचे पाय तपासू, मी फिरून बघतो.