नामंजूर रजेच्या फेरविचारासाठी विनंती अर्ज

जळगाव
दि. 22 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
डाळ मिल, औद्योगिक वसाहत, जळगाव

विषय : दि. 1 ते 5 ऑगस्टची रजा नामंजूर झाल्याबाबत फेरविचार होणेबाबत.

महोदय,

माझा रजेचा अर्ज काल "श्रावणात माल जास्त जातो, गावच्या जत्रेसाठी रजा नको" असा शेरा मारून परत आला. श्रावणाचं आपलं म्हणणं बरोबर आहे, बेसन-चणाडाळीच्या गाड्या तेव्हाच वाढतात. पण ही जत्रा नव्हे. चूक माझीच, अर्जात मी नुसतं "गावी कार्यक्रम" असं लिहिलं होतं.

आमच्या घरी कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी, यंदा 3 ऑगस्टला, स्थापना आणि सोमवारी विसर्जन. आमच्यात घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोटाचं दळण होतं आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. गेली दोन वर्षे भाऊकीत सुतक आलं, म्हणून रोट झाले नाहीत. वडील गेल्यावर यंदा प्रथमच पाट माझ्या घरात मांडायचा आहे. सुरतेहून दोन्ही काका, चुलतभाऊ येतील आणि घरचा मोठा मुलगाच नसेल, हे आईला सांगायची माझी हिंमत नाही.

तरी पाच दिवसांचा आग्रह सोडतो. शनिवार दि. 2 आणि सोमवार दि. 4 एवढे दोनच दिवस मिळावेत. रविवारी मिल बंदच असते. मंगळवारी सकाळी मी काट्यावर हजर असेन.

कामाचं असं ठरवलं आहे. शनिवार-सोमवारच्या गाड्यांची बिलं आणि ई-वे बिलाचा भाग अ मी शुक्रवारी रात्री थांबून भरून ठेवतो. गाडी भरली की चौधरींनी भाग ब मध्ये गाडी नंबर टाकायचा. मुदत तिथूनच मोजली जाते, त्यामुळे आधी भरल्याने नुकसान नाही. त्यांना सब-यूजर करून द्यावं, म्हणजे माझा पासवर्ड फिरणार नाही. गेल्या आठवड्यात माझ्यासमोर त्यांनी तीन गाड्या काढल्या. एकीत पिनकोड चुकला, तो त्यांनीच पकडला. काटा पावती आणि बिल्टीची फाईल ते सांभाळतील, बारदानाचा हिशोब मी आल्यावर जुळवतो. सोमवारी विसर्जन दुपारपर्यंत उरकतं, त्यानंतर फोन चालू राहील.

बदल्यात राखीपौर्णिमेला, शनिवारी 9 तारखेला, चौधरींना सुट्टी हवी आहे. त्या दिवशी त्यांचं काम मी करीन. तसं आमचं बोलणं झालं असून त्यांची सही खाली आहे.

सुरतेच्या मंडळींना तिकिटं काढायची आहेत, म्हणून शुक्रवारपर्यंत कळवावं ही विनंती.

आपला विश्वासू,
भ. र. पाटील
लिपिक, माल रवानगी

वरील काम मला मान्य आहे.
सु. द. चौधरी, गोदाम विभाग